मुत्ता थेरीची गाथा आणि तिची दोन भाषांतरे

थेरीगाथेतील अकरावी गाथा मुत्ता नावाच्या थेरीची आहे. याच नावाच्या दुसऱ्या एका थेरीची गाथा त्याच ग्रंथात आधी येते. तिच्याशी हिची गल्लत करू नये. आपली ही मुत्ता कोसल देशातील एका दरिद्री ब्राह्मणाची मुलगी. बापाने तिला एका कुबड्या ब्राह्मणाला दिली. पुढे तिने नवऱ्याची अनुज्ञा घेऊन प्रव्रज्या स्वीकारली. तिची गाथा अवघ्या सहा चरणांची, प्रत्येक चरण सुमारे आठ अक्षरांचा. मी मुक्त झाले, चांगली मुक्त झाले, असे ती प्रथम म्हणते. मग आपण तीन वाकड्या गोष्टींतून सुटलो असे सांगून त्या तीन गोष्टी मोजते: उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा. शेवटच्या दोन चरणांत जन्ममरणातून सुटल्याचे आणि पुन्हा भवाकडे नेणारी ओढ उपटून टाकल्याचे सांगून ती थांबते.

या गाथेची दोन इंग्रजी भाषांतरे आपल्याकडील अभ्यासकांच्या हाती नेहमी असतात. पहिले कॅरोलाइन ऱ्हिस डेव्हिड्स यांचे, 1909 सालचे, पद्यात केलेले. दुसरे के. आर. नॉर्मन यांचे, 1971 सालचे, गद्यात केलेले. दोन्ही पाली टेक्स्ट सोसायटीने प्रसिद्ध केली आणि पुढे 1989 साली एकाच पुस्तकात एकत्र आणली. एकाच गाथेच्या दोन भाषांतरांपैकी तिच्या भावनेशी अधिक प्रामाणिक कोणते, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या वाचकाला टाळता येत नाही. मी तो बरीच वर्षे टाळला होता. नॉर्मन यांचे भाषांतर शब्दाला शब्द देणारे, म्हणून तेच प्रामाणिक, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. आज माझे मत वेगळे आहे, आणि ते का बदलले हे सांगण्यासाठी हा लेख.

मत बदलण्याची सुरुवात वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात झाली. एका पावसाळी संध्याकाळी नववीच्या मुली पालीचा पाठ घेऊन भात निवडणाऱ्या मावशींपाशी बसल्या होत्या. मीही तेथे होतो. दोन्ही भाषांतरांचा आशय मी मराठीत सांगितला. आधी नॉर्मन यांचा: तीन वाकड्या गोष्टींच्या योगे, म्हणजे उखळाने, मुसळाने आणि वाकड्या नवऱ्याने, ही बाई मुक्त झाली. मावशींनी हातातले सूप खाली ठेवले आणि विचारले, "उखळानं कशी सुटंल, सर? उखळापासनं सुटली असंल बाई." मग ऱ्हिस डेव्हिड्स यांचा आशय सांगितला: जात्यापासून, उखळापासून आणि पाठीत वाकलेल्या धन्यापासून ती सुटली. यावर मावशी हसल्या. "आता बराबर. पण जातं कुठून आलं? जात्यापाशी बसून दळायचं असतं. उखळात दाणे सारायला दर वेळी वाकावं लागतं. मी लहानपणी कांडलंय, मला ठावं आहे."

पालीचे एक अक्षर न वाचलेल्या या बाईंनी दोन भाषांतरांतील एकेक चूक अचूक दाखवली होती. त्या रात्री मी मूळ गाथा पुन्हा काढून बसलो.

प्रथम मावशींचा पहिला आक्षेप घेऊ. मुळात उखळ, मुसळ आणि पती हे तिन्ही शब्द तृतीया विभक्तीत आहेत. मराठीतील 'ने' आणि पालीतील तृतीया यांचे रूढ नाते लक्षात घेता 'उखळाने मुक्त' हा अनुवाद व्याकरणशुद्ध दिसतो. नॉर्मन यांनी तेच केले. परंतु सुटणे या अर्थाच्या धातूबरोबर ज्यातून सुटायचे ती वस्तूही तृतीयेत येऊ शकते. संस्कृतातदेखील माणूस 'पापांनी' मुक्त होतो असा प्रयोग आढळतो, आणि तेथे कोणीही पापांच्या साहाय्याने मुक्त होतो असा अर्थ घेत नाही. याहून जवळचा पुरावा थेरीगाथेतच आहे. सुमंगलमाता नावाच्या थेरीची गाथा मुत्तेच्या गाथेसारख्याच उद्गाराने सुरू होते. तीही मुसळाचेच नाव घेते. मात्र तेथे मुसळ षष्ठीत आहे, आणि त्याचा अर्थ 'मुसळापासून' असाच होतो. दोन बहिणींनी एकच गोष्ट दोन विभक्तींत सांगितली आहे, असे समजणे मला योग्य वाटते.

नॉर्मन यांच्यासारख्या व्याकरणपंडिताला हे ठाऊक नव्हते, असे म्हणण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. आपले भाषांतर जवळजवळ शब्दशः असेल, हे त्यांनी आधीच ठरवले होते. ज्याला मूळ पाली शिकायचे आहे त्याच्यासाठी अशा भाषांतराइतका चांगला सोबती नाही. प्रत्येक प्रत्यय कोठे गेला हे त्यात बोट ठेवून दाखवता येते. परंतु प्रत्यय जागेवर राहूनही भावना उलटी होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे. उखळानेच मुत्तेला घराबाहेर पडण्यास भाग पाडले, म्हणून उखळच तिच्या मुक्तीचे साधन, असा एखादा चतुर अर्थ काढता येईल. पण मग सुटकेचा निःश्वास नाहीसा होतो आणि त्या जागी कोडे येते. पाठ सरळ झालेली बाई कोडे घालीत नाही.

आता दुसरा आक्षेप. मूळ गाथेत जाते नाही. उखळ आणि मुसळ ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, आणि त्यांना 'वाकडे' का म्हटले याचे उत्तर धम्मपालांच्या अट्ठकथेत मिळते. उखळात धान्य घालताना, ते खालीवर करताना आणि मुसळाने कांडताना पाठ वाकवावी लागते. कुबड आणण्यास कारण होतात म्हणून उखळ-मुसळही कुबडेच. पती मात्र खरोखरीच कुबडा होता, एवढे सांगून अट्ठकथा पुढे जाते. मावशींनी सूप खाली ठेवून जे सांगितले, ते हेच.

हा खुलासा लक्षात घेतला की गाथेतील विनोदाचे मर्म कळते. मुळातला 'खुज्ज' हा शब्द संस्कृत 'कुब्ज'चे पाली रूप. आपला 'खुजा' याच कुळातला. मात्र आपण तो ठेंगण्या माणसासाठी वापरतो, म्हणून मराठी भाषांतरकाराने येथे सावध राहावे. उखळ वाकडे नसते आणि मुसळ तर सरळसोट असते. ती वाकडी आहेत ती तिच्या पाठीत. त्या दोघांमागोमाग नवऱ्याचे नाव तिसरे येते, तेही घरातल्या अवजारांच्या रांगेत, आणि त्याच्यापुरता 'कुबडा' हा शब्द पुन्हा उच्चारला जातो. येथे एका माणसाच्या व्यंगाची टवाळी आहे, असा आक्षेप कोणी घेईल. मला तसे वाटत नाही. तिच्या मनाविरुद्ध तिच्या पाठीवर आलेल्या ओझ्यांची ही मोजणी आहे, आणि तीत तो आला आहे. ती त्याला शिवी देत नाही. त्याला फक्त यादीत बसवते.

ऱ्हिस डेव्हिड्स यांनी मुसळ वगळून त्याजागी जाते घातले, यामुळे वाकण्याचे हे चित्र थोडे विस्कटले. इंग्लंडमधल्या वाचकाला मुसळ परके वाटेल, असा विचार त्यामागे असावा. सुमंगलमातेच्या गाथेत तर त्यांनी याहून मोठी चूक केली आहे. तेथे मुसळाऐवजी स्वयंपाकघरातील काबाडकष्ट असा मोघम शब्द आला आहे. हातात धरता येणारी वस्तू गेली आणि केवळ तिचे तात्पर्य उरले. त्या एका गाथेपुरता निर्णय द्यायचा तर मी नॉर्मन यांच्या बाजूने देईन, कारण त्यांच्याकडे मुसळ मुसळच राहिले आहे. भावपूर्ण भाषांतर हे नेहमीच भावनेशी प्रामाणिक असते असे नाही, हे म्हणूनच सांगून ठेवतो.

मुत्तेच्या गाथेत मात्र त्यांचे पारडे जड होते. याचे पहिले कारण म्हणजे गाथेचा आवाज. मुळात मुक्तीचा शब्द चार वेळा वेगवेगळ्या रूपांत येतो, आणि बोलणारीचे नावही तेच आहे. मुक्ता हे नाव आपल्या घरांत आजही ठेवले जाते, त्यामुळे हा खेळ मराठी कानाला लगेच कळतो. इंग्रजीत नावाचा श्लेष दोघांनाही आणता आला नाही, परंतु शब्दाची चार आवर्तने दोघांनीही राखली आहेत. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 'फ्री' हा शब्द निवडला, नॉर्मन यांनी 'रिलीज्ड'. पहिला एका अक्षराचा, लहान मुलाच्याही तोंडात असणारा, ओरडून म्हणता येणारा शब्द आहे. दुसरा तुरुंगातून किंवा नोकरीतून सोडल्याची नोंद करताना वापरावा असा आहे. त्यात सोडणारा कोणी दुसराच असतो. नॉर्मन यांच्याकडे तोच शब्द पहिल्या वाक्यात पुनःपुन्हा येतो तेव्हा वाचकाला व्याकरणाचा पाठ आठवतो. ऱ्हिस डेव्हिड्स यांच्याकडे तो येतो तेव्हा टाळी वाजल्यासारखे वाटते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अट्ठकथेनुसार ही गाथा निव्वळ विजयाची घोषणा नव्हती. प्रव्रज्या घेतल्यानंतरही मुत्तेचे चित्त ध्यानाच्या वेळी बाहेरच्या विषयांकडे धावत असे. त्याला आवरण्यासाठी ती ही गाथा म्हणू लागली, आणि म्हणता म्हणताच विपश्यना वाढवून अर्हत्पदाला पोहोचली. म्हणजे ही गाथा मुळात स्वतःलाच ऐकवण्यासाठी आहे. भरकटणाऱ्या मनाला खांद्याला धरून वळवावे तसे तिचे काम आहे. अशा वचनाची पहिली गरज ते तोंडात बसावे ही. ऱ्हिस डेव्हिड्स यांच्या पाच ओळी दहा-दहा अक्षरांच्या आहेत. दोनदा वाचल्या की पाठ होतात. नॉर्मन यांचे वाक्य अभ्यासिकेत डोळ्यांनी वाचावे लागते. मोठ्याने म्हणताना कोठे श्वास घ्यावा, हे कळत नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली तर शेवटच्या चरणाचाही निवाडा नीट करता येतो. तेथे मुळात 'भवनेत्ति' असा शब्द आहे. 'नेत्ति' म्हणजे नेणारी. आपले 'नेणे' हे क्रियापद त्याच धातूचे. भवाकडे पुन्हा नेणारी ती भवनेत्ति, म्हणजे तृष्णा. ती उपटून टाकली आहे, असे मुत्ता म्हणते. नॉर्मन यांनी शब्दार्थ अचूक दिला आहे: पुनर्भवाकडे नेणारे ते मुळासकट उपटले गेले. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी पारिभाषिक अर्थ सैल केला. आपल्याला मागे ओढणारे जे काही होते ते सारे भिरकावून दिले, असा त्यांचा आशय आहे. या ओढण्याच्या कल्पनेत मला बाहेर धावणाऱ्या त्या चित्ताची आठवण दिसते. उखळाकडे, चुलीकडे, जुन्या घराकडे मन पुन्हा जाते आणि ती ते परत आणते, हा ताण नॉर्मन यांच्या नेमक्या शब्दांत जाणवत नाही. पण भिरकावणे आणि उपटणे यांत फरक आहे. भिरकावलेली वस्तू कोठे तरी पडून राहते. उपटलेले झाड पुन्हा फुटत नाही. या क्रियापदापुरते नॉर्मन यांचेच ऐकावे.

ऱ्हिस डेव्हिड्स यांच्यावरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप याच जागी आहे. नवऱ्याचा उल्लेख संपून जन्ममरणाचा उल्लेख सुरू होतो, तेथे त्यांनी 'होय, पण' अशा अर्थाचा एक जोड घातला आहे. मुळात तो नाही. त्या 'पण'मुळे उखळापासूनची सुटका लहान आणि जन्ममरणापासूनची मोठी, अशी उतरंड तयार होते. पहिली जणू खरी मुक्ती नव्हेच. मुत्ता असे म्हणत नाही. ज्या शब्दाने ती मुसळातून सुटते, त्याच शब्दाने पुढच्या चरणात मरणातून सुटते, आणि दोहोंच्या मध्ये श्वासाएवढीही फट ठेवीत नाही. ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या बायकांच्या पाठी कामाने वाकल्या, त्यांना या एकसंधपणाचे मोल वेगळे सांगायला नको. नॉर्मन यांनी येथे काहीही घातले नाही, म्हणून त्यांच्या कोरड्या वाक्यात हा सांधा शाबूत राहिला.

मग एकूण निर्णय काय? माझ्या मते मुत्तेच्या गाथेच्या भावनेशी अधिक प्रामाणिक ऱ्हिस डेव्हिड्स यांचे भाषांतर आहे. त्यांच्या तीन चुका मी दाखवल्या: जाते, 'पण' आणि भिरकावणे. तिन्ही एकेका शब्दाच्या आहेत, आणि तिन्ही नॉर्मन यांचे पान शेजारी ठेवून दुरुस्त करता येतात. जात्याच्या जागी मुसळ ठेवा, 'पण' खोडा, भिरकावण्याऐवजी उपटणे घ्या. चाल मोडत नाही आणि बाईचा आवाजही बदलत नाही. नॉर्मन यांच्या भाषांतरात याउलट एकही शब्द सुटलेला नाही, परंतु कोणता एक शब्द बदलला म्हणजे मुत्ता त्यात बोलू लागेल, हे मला सांगता येत नाही. तेथे तिच्याविषयीची माहिती आहे. ती स्वतः नाही.

भाषांतराची भावना तपासायला म्हणूनच मी आता तीन साधे प्रश्न विचारतो. हे वचन कोण कोणाला म्हणत आहे, हे भाषांतरात ऐकू येते का? यादीत शेवटी काय यावे, हा मुळाचा क्रम टिकला आहे का? आणि मुळाने जेथे थांबा ठेवला नाही, तेथे भाषांतरकाराने तो घातला आहे का? मुत्तेच्या गाथेत पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऱ्हिस डेव्हिड्स यांच्या बाजूने जाते, दुसऱ्यात दोघेही उत्तीर्ण होतात, कारण नवरा दोघांकडेही तिसराच आहे. तिसऱ्यात नॉर्मन जिंकतात. मी पहिल्या प्रश्नाला अधिक वजन देतो, कारण स्वतःच्या मनाला आवरणाऱ्या बाईचा आवाज गेला तर उरलेल्या दोन गोष्टी जपूनही गाथा उरत नाही. ज्याला थांब्याचा मुद्दा अधिक वजनदार वाटेल, तो माझ्याविरुद्ध निर्णय देईल, आणि त्याच्याशी मी आनंदाने वाद घालीन.

मराठीत ही गाथा आणणाऱ्याला या दोघांहून सोपे काम आहे. उखळ आणि मुसळ हे शब्द पालीतून जवळजवळ तसेच आपल्या घरात आले आहेत, कुबड आहे, मुक्त आहे, आणि नावाचा श्लेषही फुकट मिळतो. अडचण उलट दिशेची आहे. आपल्या नव्या पिढीने उखळ पाहिलेले नाही. त्या संध्याकाळी नववीतल्या एका मुलीने मावशींना विचारले, की दाणे सारायला वाकतात म्हणजे नेमके कसे? मावशी उठल्या. एक हात काल्पनिक मुसळावर ठेवून त्या कमरेत वाकल्या आणि दुसऱ्या हाताने जमिनीलगत दाणे सारल्यासारखे केले. मग सावकाश सरळ होऊन त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता म्हण तुझी ती कविता."

त्या मुलीने म्हटली, ती मूळ पालीतून.